लिहून घे की लिहून दे?

"दादा, आमच्या गावच्या मंडळासाठी नाटक लिहिते आहे, मंडईच्या जत्रेच्या रात्री करायचं आहे. कमल ३४ वर्षांची, लग्न झालेलं नाही. आईबाबा गेल्यापासून धानाची शेती तिनंच केली. नागपूरचा भाऊ प्रकाश जमीन विकायला येतो, त्याला तिची हक्कसोडपत्रावर सही पाहिजे. ती म्हणते, 'घे गा, मले काय करायची जमीन?' पण तिला आतून जमीन हवी आहे. ते लोकांना कळावं म्हणून तिसऱ्या प्रवेशात ती चांदण्यात एकटीच शेतावर गाणं म्हणते. तालमीत सगळे म्हणाले, गाणं गोड आहे, पण काढलं तरी नाटक तसंच चालते. आणि दुसऱ्या अंकात ती सही नाकारते तेव्हा लोकांना ते एकाएकी वाटतं. गाणं काढून टाकू का?"
— आरमोरी तालुक्यातून, एक लिहिणारी

ताई,

गाणं काढू नका, जागेवरून हलवा. आणि कमलला एकटी ठेवू नका.

चांदण्यात ती ज्यांच्यासमोर गाते ते फक्त प्रेक्षक आहेत. प्रेक्षकांपासून तिला काही लपवायचंच नाही. लपवायचं आहे ते प्रकाशपासून, आणि तो त्या वेळी घरात झोपलेला आहे. गाणं संपल्यावर नाटकातल्या एकाही माणसाला आधीपेक्षा जास्त काही ठाऊक झालेलं नसतं, म्हणून चौथा प्रवेश जिथून सुरू व्हायचा तिथूनच होतो. तुमच्या तालमीतल्या मंडळींनी हे बरोबर ओळखलं.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं, तेव्हापासून बरीच वर्षं पदं सूत्रधार म्हणायचा. पात्राच्या मनात काय चाललंय ते तोच गाऊन सांगायचा आणि पात्र त्याप्रमाणे हालचाल करायचं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल मराठीत आणलं तेव्हा पदं पात्रांच्या तोंडी गेली. बदल साधा दिसतो, पण त्यामुळे गाणाऱ्यावर जबाबदारी आली. सूत्रधारानं सांगितलेलं रंगमंचावरच्या दुसऱ्या कोणाला ऐकू जात नाही. पात्र स्वतः गायलं की समोरच्यानं ते ऐकलेलं असतं, आणि ऐकलेलं परत घेता येत नाही. तुमची कमल आज सूत्रधाराचं काम करते आहे. तिला पात्र करा.

म्हणून गाणं सहीच्या प्रवेशात आणा. माजघरात कंदील किंवा बल्ब, खाली चटई, हक्कसोडपत्र तयार, प्रकाशच्या हातात पेन, आणि खाटेवर जमीन घ्यायला आलेला दलाल. दलाल हवाच. दोघंच असले तर बहीण-भाऊ एकमेकांना समजून घेऊन गप्प बसू शकतात. परका माणूस बसलेला असला की गप्प बसणंसुद्धा त्याला दिसतं.

आता खरी अडचण. प्रकाशसमोर कमल 'मला जमीन हवी' असं गाऊ लागली तर ती इच्छा लपलेली कुठे राहिली? आणि एकदा पहिल्याच ओळीत ते बोलून टाकलं की पुढच्या दोन कडव्यांना कामच उरत नाही, मग त्यात मातीचा वास आणि पाखरं येतात. लपलेली इच्छा गाण्यात आणायची असेल तर त्या माणसाला गाण्यात दुसरंच काहीतरी काम द्यावं लागतं. अगदी कोरडं, रोजचं काम. इच्छा त्या कामातून निसटते, त्याच्या मनाविरुद्ध. कमलला मी एक काम सुचवतो: तिनं भावाला धानाच्या बांध्या, शेताचे एकेक तुकडे, मोजून सांगायच्या. प्रकाश बारा वर्षं नागपुरात आहे, त्याला शेत आठवत नाही. दलालाला मात्र कागदावर तपशील पाहिजे.

गाण्याच्या आधीचं बोलणं एवढंच असावं, जास्त नको:

प्रकाश: दलालसाहेब विचारतेत, बांध्या किती हायेत. सहा का सात?
कमल: पाच.
प्रकाश: पाचच?
कमल: तुले आठवत नाही?
प्रकाश: आठवते नं. बोडीजवळची एक... तू सांग, मी लिहून घेतो.

या शेवटच्या वाक्यावर पेटी सुरू होऊ दे. त्यानं विचारलं म्हणून ती सांगते, सांगता सांगता गाते. लोकांना 'आता गाणं आलं' असं वाटायच्या आत एक ओळ होऊन गेलेली असली पाहिजे. आपल्याकडे पुष्कळदा पात्र उठून माइकजवळ येतं, लाइट बदलतो, मग गाणं सुरू होतं. इथे कमलनं चटईवरून उठायचंच नाही. तिच्या हातात सुपातले तांदूळ असू द्या, निवडता निवडता सांगेल.

आणि धृपद प्रकाशच्या शब्दांतूनच घ्या. तो म्हणाला 'लिहून घेतो', ती म्हणते 'लिहून घे'. मी कच्चं गाणं करून पाहिलं आहे, ते खाली देतो. तुम्ही तुमच्या गावच्या बोलीत ते घोळवून घ्या, शब्द बदला, पण बांधणी तशीच राहू द्या.

बोडीखाली पहिली बांधी,
पानी तिचं ना आटे कधी.
दुजी वाकडी, मोह धुऱ्यावर,
त्याच्या खाली बाबा दिनभर.
लिहून घे गा, भाऊ, लिहून घे.

तिसऱ्या बांधीत परे जगले,
घागर घागर पानी नेले.
फुटला धुरा चौथीचा जवा,
रातभर मीच बांधला तवा.
लिहून घे गा, भाऊ, लिहून घे.

शेवटची ती कोपऱ्यातली,
कोनी कधी न मागितलेली.
नाव कुनी ना ठेवलं तिला,
मनात माझं ठेवलं तिला.
लिहून घे गा, भाऊ, लिहून... दे.

शेवटचा एक शब्द बदलला आहे. 'लिहून घे' म्हणजे टिपून घे. 'लिहून दे' म्हणजे माझ्या नावानं कर. गावातल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. जमिनीच्या बाबतीत 'लिहून दिलं' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाला पाठ असतो. प्रकाशचाच शब्द कमल दोनदा जसाच्या तसा परत करते, आणि तिसऱ्यांदा तो तिच्या तोंडात उलटतो. तिनं ठरवून केलं की जीभ घसरली, हे नटीनं ठरवावं. मला विचाराल तर जीभ घसरली असंच करा. ठरवून मागणारी बाई इतक्या वेळ बांध्या मोजत बसली नसती.

आता कडवी नीट पाहा. पहिल्या कडव्यात 'मी' नाही. बोडी आहे, मोह आहे, बाबा आहेत. यातलं पाणी विकत घेणाऱ्याच्या कामाचं आहे, मोहाचं झाड पण आहे, बाबा कुठे बसायचे ते मात्र त्याच्या काही कामाचं नाही. एवढी एकच गोष्ट जास्तीची येते, आणि प्रकाश ती लिहीत नाही. दुसऱ्या कडव्यात विकत घेणाऱ्याच्या कामाचं काहीच उरत नाही. तिसऱ्या बांधीतल्या परह्यांना, धानाच्या रोपांना, घागरीनं पाणी नेलं, यात 'कोणी नेलं' हे ती अजून सांगत नाही. मग धुऱ्याची ओळ येते आणि 'मीच' हा शब्द सुटतो. संपूर्ण गाण्यात कमल स्वतःबद्दल बोलते ते इथे पहिल्यांदा. समोर बसलेल्या बायांना इच्छा कळायची जागा ही आहे, पावसात रात्री फुटलेला धुरा, शेताचा बांध, पुन्हा बांधणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असतं. प्रकाशला मात्र अजून कळलेलं नाही. लोकांना थोडं आधी कळावं आणि भावाला शेवटच्या शब्दाला कळावं, या दोन जागांमधलं जे अंतर आहे त्यात गाण्याचा सगळा ताण आहे. तुम्ही ओळी बदलाल तेव्हा 'मीच' चुकूनही पहिल्या कडव्यात नेऊ नका.

तिसऱ्या कडव्यात ती मागते ती बांधी सर्वांत लहान, कोपऱ्यातली आहे. हे मुद्दाम केलं आहे. आईबाबा नाहीत, दोघंच भावंडं आहेत, म्हणजे कायद्यानं अर्धा हिस्सा तिचाच आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात आणला आणि केंद्रानं २००५ च्या दुरुस्तीत. तेव्हा हक्कसोडपत्र म्हणजे प्रकाशनं तिला काही देणं नाही, तीच त्याला अर्धं शेत सोडून देते आहे. अर्धं जिचं आहे ती बाई कोपऱ्यातली एक बांधी भावाकडे मागते, तीही चुकून. 'माझा हक्क आहे' असं तिच्या तोंडी घालण्याचा मोह तुम्हाला होईल. या प्रवेशात ते नको. हक्काची गोष्ट दलाल करेल, कारण त्याला हा हिशोब चांगला ठाऊक आहे. तिची सही नसेल तर त्याचा व्यवहार बुडतो.

गाणं संपल्यावर लगेच हे:

प्रकाश: काय म्हनली? घे का दे?
(कमल गप्प. सुपातले हात थांबलेले.)
दलाल: दे म्हनली बाई, प्रकाशभाऊ. आन् तिचा तर अर्धा हिस्सा हाये.
प्रकाश: कमल... इसार घेतला मी. दिवाळीच्या आधीच.

तुमच्या पत्रात इसाराची गोष्ट नाही, ती मी जोडली आहे, कारण तुमच्या नाटकात प्रकाशकडे लपवण्यासारखं काही दिसलं नाही. एकानं लपवलेलं बाहेर आलं की दुसऱ्यालाही आपलं लपवता येऊ नये, तेव्हा प्रवेश पुढे सरकतो. बहिणीला न विचारता त्यानं पैसे घेतलेत. हे तो आज सांगणार नव्हता. सही झाली असती तर कधीच सांगावं लागलं नसतं. गाण्यानं त्याच्या तोंडून ते काढलं. आता दुसऱ्या अंकात कमल सही नाकारेल तेव्हा लोकांना एकाएकी वाटणार नाही. तिला काय हवं ते त्यांनी ऐकलं आहे, आणि तिला का राग आला तेही.

स्वतःला तपासायची माझी रीत अशी. गाण्याच्या आधी कोणाला काय माहीत आहे ते एका कागदावर लिहायचं, प्रत्येक पात्राचं एक वाक्य. मग गाण्यानंतरचं. तुमच्या जुन्या गाण्यात दोन्ही कागद सारखेच येतील. या गाण्यात आधी: कमलला वाटतं भाऊ कागद करायला आला आहे, प्रकाशला वाटतं बहिणीला जमिनीचं काही नाही, दलालाला वाटतं सही आज होते. नंतर: कमलला इसार कळला, प्रकाशला बहिणीचं मन कळलं, दलालाला कळलं की सौदा धोक्यात आहे. तिन्ही वाक्यं बदलली. एकही बदललं नसतं तर गाणं सुंदर असूनही मी ते या जागी ठेवलं नसतं.

चालीबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमच्या मंडळात पेटीवाला असेलच. मी हे केरव्यात, आठ मात्रांत बांधलं आहे. कडव्यातली प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, म्हणजे दोन आवर्तनं. ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन असं मोजून पाहा, नवी ओळ घालताना गडबड होणार नाही. रोवणीच्या गाण्यांची जी संथ, ओढत नेलेली चाल तुमच्या गावात असेल तीच घ्या. कमलच्या तोंडी नाट्यपद शोभणार नाही. धृपदाची ओळ मात्र सोळा मात्रांत संपत नाही. 'लिहून घे गा' आठ, 'भाऊ, लिहून' आठ, आणि शेवटचा 'घे' पुढच्या समेवर पडतो. म्हणजे जो शब्द बदलायचा आहे तो तबल्याच्या सर्वांत ठळक जागी आहे. दोन वेळा लोकांच्या कानाला त्या जागी 'घे' ऐकायची सवय होते. तिसऱ्यांदा तबलजीनं 'भाऊ, लिहून' वर हात उचलायचा. सम वाजवायची नाही. ऑर्गनही थांबेल. त्या रिकाम्या जागेत एकटा 'दे' पडेल.

इथे एक मोठा धोका आहे. 'घे' आणि 'दे' कानाला फार जवळचे आहेत. रात्रीचा एक वाजलेला, समोर हजार माणसं, कर्ण्याचा आवाज घुमतो आहे, थंडीनं लोक कांबळी सावरत आहेत. ऑर्गन आणि ऑक्टोपॅड चालू असतील तर 'दे' कोणाला ऐकू येणार नाही, लोकांना वाटेल तिनं तिसऱ्यांदाही तेच म्हटलं, आणि पुढचा सगळा प्रवेश त्यांच्या हातून निसटेल. म्हणूनच वाद्यं थांबवायची, आणि म्हणूनच प्रकाशच्या तोंडी 'घे का दे?' आणि दलालाच्या तोंडी 'दे म्हनली' ठेवलं आहे. ज्याचं चुकलं असेल त्याला ते तिथे मिळतं. गाण्यातला नाटक फिरवणारा शब्द एकदाच आला आणि तो हुकला, तर नाटक हुकलं. तो शब्द बोलण्यातून दुसऱ्यांदा यावाच.

गाणारी मुलगी चांगल्या गळ्याची असेल तर तिला समजावून सांगा की तिसऱ्या कडव्यात आलाप नाही. 'मागितलेली' वर हरकत घेण्याची तिला फार इच्छा होईल, चाल तशी आहे. पहिल्या कडव्यानंतर घेऊ द्या, तिथे कोणाचं काही बिघडत नाही. तिसऱ्या कडव्यात गळा फिरला की लोक गळा ऐकतात, शब्द सोडून देतात.

आता वन्स मोअरबद्दल. हे मी स्वतः भोगलं आहे म्हणून सविस्तर सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या एका नाटकात सुनेचं गाणं होतं. नवऱ्याचं पत्र हातात धरून ती गायची आणि शेवटच्या ओळीला ते पत्र फाडायची. गाणं रंगलं, पत्र फाटलं, आणि समोरून वन्स मोअर आला. थांबेचना. कोणीतरी बक्षिसाची नोट घेऊन पुढे आला. मुलीनं पेटीवाल्याकडे पाहिलं, त्यानं सूर धरला, आणि तिला पुन्हा गावं लागलं. पण पत्र फाटलेलं. तिनं खाली वाकून दोन तुकडे उचलले, ते हातात धरून गाणं म्हटलं, आणि शेवटी काय फाडायचं ते तिला सुचेना. लोकांना गाणं दोनदा मिळालं, पण पुढच्या प्रवेशात सासरा विचारतो 'पत्र कुठं आहे', तेव्हा समोर शांतता नव्हती, कुजबुज होती. पत्र फाटणं ही घटना दोनदा घडली म्हणजे एकदाही घडली नाही.

मला लोकांचा राग आला नाही. रात्रभर बसून नाटक पाहणारा, चांगल्या गाण्याला मान देणारा प्रेक्षक आपल्याला मिळतो हे आपलं भाग्य आहे. संगीत नाटकांच्या काळातही बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर मिळत आणि रात्र लांबत जाई. चूक माझ्या लिहिण्यात होती. मी गाणं पूर्ण करून दिलं होतं. तबल्यानं तिहाई घेतली, सूर मिटला, म्हणजे टाळी द्या असं मीच सांगितलं. तेव्हापासून ज्या गाण्याच्या शेवटी काही घडतं त्याला मी शेवट देत नाही. 'दे' वर चाल संपलेली वाटत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं अजून काही येणार. आणि येतं ते प्रकाशचं वाक्य, त्याच श्वासात. प्रकाशनं मनातल्या मनात दोन आकडे मोजण्याइतकाही वेळ घ्यायचा नाही. तालमीत हे दहा वेळा करून घ्या. नट जर शेवटच्या सुरासाठी थांबला, तर लोक टाळी देतील.

लोकांची हौस मात्र मारू नका. या प्रवेशाच्या आधी एक लावणी किंवा गमतीचं गाणं असू द्या, ज्याच्यामागे कथेचं काही अडत नाही. तिथे मन भरून वन्स मोअर होऊ द्या, बक्षिसं येऊ द्या. त्यानंतर हे गाणं आलं की ते बसून ऐकतात.

प्रकाशच्या पेनकडे लक्ष द्या, कारण गाणारी खाली तांदळात पाहते आहे आणि लोकांची नजर त्याच्यावर असेल. पहिल्या कडव्यात तो भराभर लिहितो, दलालाकडे पाहून हसतोही. दुसऱ्या कडव्यात 'घागर' आली की लिहिणं हळू होतं, ते लिहायचं कशाखाली हे त्याला कळत नाही. 'मीच' ला तो मान वर करतो. तिसऱ्या कडव्यात पेन कागदावर टेकलेलं आहे पण चालत नाही. 'दे' नंतर पेन खाली ठेवायचं नाही, हातातच राहू द्या. इसाराचं बोलून झाल्यावर ते हातातून निसटलं तर चालेल. दलालानं दुसऱ्या कडव्यापर्यंत बोटं मोजायची, मग थांबायचं.

चालीवर बसवायच्या आधी तिघांकडून हे गाणं नुसतं वाचून घ्या. सूर नाही, पेटी नाही. शेजारची एखादी बाई बसवा, जिला गोष्ट माहीत नाही, आणि नंतर तिला विचारा, कमलला काय पाहिजे ते तुला कोणत्या ओळीला कळलं? 'धुऱ्याच्या ओळीला' म्हणाली तर जमलं. 'बाबांच्या ओळीला' म्हणाली तर पहिलं कडवं जास्त भावुक झालं आहे, तिथे आवाज कोरडा करा. शेवटपर्यंत कळलं नाही म्हणाली तर दुसऱ्या कडव्यात नटी 'मीच' गिळते आहे.

दुसऱ्या अंकात हे धृपद पुन्हा एकदा येऊ द्या, पण गाणं म्हणून नको. कमल सही नाकारते तेव्हा प्रकाश चिडून विचारेल, 'मंग मी दलालाले काय सांगू?' ती म्हणेल, 'लिहून घे.' नुसतं बोलून, पेटीशिवाय. एवढ्यानं लोकांना सहीचा प्रवेश आठवतो. त्यानंतर ती काय लिहून घ्यायला सांगते, अर्धा हिस्सा की फक्त कोपऱ्यातली बांधी, हे तुमच्या नाटकाचं मुख्य उत्तर आहे आणि ते तुम्हालाच ठरवायचं आहे. सहीच्या प्रवेशात कोपरा मागणारी बाई इसार कळल्यावर अर्धं मागेल, असं मला वाटतं. पण कमलला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता.

आणखी एक, विसरण्यासारखं नाही म्हणून शेवटी. प्रॉम्प्टरच्या प्रतीत तो 'दे' लाल शाईनं लिहा आणि बाजूला स्पष्ट टिपा: इथे शब्द द्यायचा नाही. तबला थांबला की नटी विसरली असं प्रॉम्प्टरला वाटतं आणि तो घाईघाईनं शब्द देतो. तेवढ्या शांततेत त्याचा आवाज समोरच्या ओळींपर्यंत जातो, आणि कमलच्या आधी 'दे' तोच म्हणून बसतो.